गाण्यातला मी आणि समोरचा तू

सुरेश भटांच्या दोन गझला लागोपाठ ऐकून पाहाव्यात. एक 'तरुण आहे रात्र अजुनी' आणि दुसरी 'केव्हातरी पहाटे'. दोन्हींना चाल हृदयनाथ मंगेशकरांची, दोन्ही गायल्या आशा भोसले यांनी. विषयही जवळजवळ एकच, प्रेमाची रात्र. अंथरुणात कूस बदलण्याची साधी क्रियासुद्धा दोन्हींकडे आहे. एकीत प्रियकर कुशीवर वळतो, तर दुसरीत कूस बदलून जाते ती रात्रच. इतकं सगळं सारखं असूनही दोन्ही ऐकून झाल्यावर मनात उरतं ते अगदी वेगळं. पहिलीत एक अस्वस्थ जवळीक आहे. कुणीतरी हाताच्या अंतरावर आहे आणि तरीही हाती लागत नाही, अशी. दुसरीत सगळं घडून गेलेलं आहे आणि उरली आहे ती आठवणीची हुरहूर.

हा फरक चालीचा आहे, लयीचा आहे, गायिकेने शब्द कसे टाकले त्याचाही आहे. पण चाल लागण्याआधी, कागदावरच, एक फरक पडलेला आहे. पहिल्या गझलेत 'तू' आहे. बोलणारी सतत त्याला उद्देशून बोलते. दुसऱ्या गझलेत 'तू' नाहीच. तिथे बोलणारा 'मी' स्वतःशी बोलतो, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती व्यक्ती प्रतिमेच्या आडून, तृतीयपुरुषात, ओझरती येते. प्रथमपुरुष आणि द्वितीयपुरुष हे शाळेच्या व्याकरणातले शब्द प्रेमगीतात नेमकं काय करतात, ते समजून घ्यायला ही जोडी फार सोयीची आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कथेत 'तू सकाळी उठलास, चप्पल घातलीस, बाहेर पडलास' असं निव्वळ द्वितीयपुरुषी निवेदन करता येतं. सांगणारा तिथे अदृश्य राहू शकतो. प्रेमगीतात ते सहसा जमत नाही, कारण 'तू' म्हटलं की तो म्हणणारा कुणीतरी आलाच आणि त्याचं त्या 'तू'शी नातंही आलं. त्यामुळे प्रेमगीतातला खरा भेद असा की 'मी' कुणाशी बोलतोय? स्वतःशी, की समोरच्याशी? पहिल्या प्रकारात आपण एकाचं मनोगत ऐकतो. दुसऱ्यात दोघांमधल्या संवादाची एकच बाजू आपल्या कानावर पडते.

रदीफ काय सांगतो

गझलेत प्रत्येक शेराच्या शेवटी जे शब्द जसेच्या तसे परत येतात, त्यांना रदीफ म्हणतात. श्रोत्याच्या कानात गझलेतलं सर्वात जास्त काय बसत असेल, तर रदीफ. म्हणून कवीने तिथे कोणता पुरुष बसवला हे पाहण्यासारखं असतं.

'तरुण आहे रात्र अजुनी'मध्ये प्रत्येक शेर येऊन थांबतो तो द्वितीयपुरुषी भूतकाळी क्रियापदावर, आणि त्यामागे 'का रे'. म्हणजे प्रत्येक वेळी शेवटी एक प्रश्न आहे, तो एका पुरुषाला विचारलेला आहे आणि त्याने काय केलं याबद्दलचा आहे. वळणं, निजणं, विझणं, मिटणं अशी ती क्रियापदं. आता गंमत पाहा, ही बहुतेक क्रियापदं अकर्मक आहेत. माणूस झोपतो, दिवा विझतो, पाकळी मिटते. यातलं काहीच कुणी मुद्दाम, दुसऱ्याचं काही हिरावून घेण्यासाठी करत नाही. त्यामुळे तक्रार तर पूर्ण आहे, पण आरोप सौम्य आहे. तिने त्याला गुन्हेगार ठरवलेलं नाही, फक्त जागं करायचं आहे. व्याकरणाने रुसवा आणि भांडण यांच्यातली रेघ सांभाळली आहे.

'केव्हातरी पहाटे'चा रदीफ आहे 'रात्र गेली'. म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी कर्ता आहे ती रात्र. सगळं काही रात्रीने केलं, 'मी'च्या वाट्याला आलं ते फक्त सोसणं आणि उशिरा कळणं. गझल प्रथमपुरुषी असली तरी त्यातला 'मी' कर्ता म्हणून फारसा दिसत नाही. तो दिसतो 'मला' आणि 'माझा' या रूपांत. मला कळलं नाही, माझा श्वास, माझ्या ओळी, असा. या 'मी'ने काही केलेलं नाही, त्याच्यावर काहीतरी घडून गेलं आहे.

इथेच आपल्या विषयाची किल्ली आहे. प्रेमगीताचा परिणाम केवळ 'मी' की 'तू' यावर ठरत नाही. तो 'मी' आणि 'तू' कोणत्या विभक्तीत उभे आहेत, यावर ठरतो. कर्ता कोण आणि ज्याच्यावर घडतं तो कोण, हे एकदा पाहिलं की बरीच गाणी आतून उघडतात.

एकच कडवं, तीन प्रकारे

हे नुसतं सांगून पटणारं नाही, म्हणून या लेखापुरतं एक कामचलाऊ कडवं रचलं आहे. काव्य म्हणून त्याची मिजास नाही. आधी ते निव्वळ 'मी'चं:

दार उघडे ठेवले मी, वात केली लहान,
पावलांच्या चाहुलीला दिले दोन्ही कान.
चहा निवला, पाऊस वाढला, विझून गेली आळी,
उंबऱ्यावर बसले मी हात ठेवून भाळी.

इथे कुणाची तरी वाट पाहिली जात आहे एवढं कळतं. कुणाची, ते कळत नाही. ती व्यक्ती प्रियकर आहे, की परगावहून येणारा मुलगा आहे, हेही कडवं सांगत नाही. श्रोत्याची नजर जाते ती वाट पाहणारीकडे. तिचा चहा, तिचा उंबरा, तिचा कपाळावरचा हात. आपण तिच्या शेजारी जाऊन बसतो. मनात येते ती करुणा किंवा सोबत, पण राग कुणाचाच येत नाही, कारण रागवायला समोर कुणी नाही.

आता तेच कडवं 'तू'ला कर्ता करून:

दार उघडे पाहिलेस ना? वात नव्हती लहान,
तुझ्याच एका चाहुलीला लागले होते कान.
चहा निवला, पाऊस वाढला, विझून गेली आळी,
वाट पाहणे लिहिलेस ना रे तूच माझ्या भाळी?

तिसरी ओळ तीच आहे, एक अक्षरही बदललेलं नाही. तरी तिचा अर्थ बदलला. पहिल्या कडव्यात चहा निवला ही एक हकिगत होती, इथे तो पुरावा झाला. पाऊससुद्धा आता त्याच्या खात्यावर मांडला जातो. गाणं ऐकणाऱ्याची जागाही बदलली. आता आपण तिच्या शेजारी बसलेले नाही, दोघांच्या मधे कुठेतरी उभे आहोत आणि दोघांपैकी कुणाची बाजू घ्यावी असा पेच आपल्यापुढे आहे. ज्याने आयुष्यात कुणाला वाट पाहायला लावली आहे, तो हे कडवं ऐकताना थोडा चपापेल. पहिलं कडवं ऐकताना तो चपापला नसता.

तिसरा प्रकारही 'तू'चाच, पण यात 'तू' कर्ता नाही, त्याच्या वाट्याला काहीतरी येतं:

तुझ्यासाठी दार उघडे, तुझ्यासाठी वात,
चाहूल तुझी ऐकत बसले अंधाऱ्या दारात.
चहा निवला, पाऊस वाढला, विझून गेली आळी,
तुला लाभो रे कोरडी वळचण ऐन सरींच्या वेळी.

तो याही कडव्यात आलेला नाही. तिसरी ओळ याही वेळी तीच. पण चहा निवल्याचा हिशेब कुणी मागत नाही. पाऊस वाढला म्हणजे तो कुठेतरी भिजत असेल, ही काळजी आधी येते. तुझ्यासाठी, तुझी, तुला, या रूपांमुळे सगळी ओढ बोलणारीकडून त्याच्याकडे वाहते. हे कडवं ऐकताना बहुतेक श्रोत्यांना आठवेल ते आपलं स्वतःचं माणूस.

दुसरं आणि तिसरं कडवं दोन्ही 'तू'ची. तरी एक तक्रार आणि एक मायेचं. म्हणजे 'तूची गाणी जवळची वाटतात' असा सरसकट नियम सांगणं बरोबर नाही. 'तू'चा 'तुला' झाला की सूर कसा बदलतो, ते इथे दिसतं.

श्रोत्याच्या मनात कोण येतं

योगायोगाने याच प्रश्नावर इंग्रजी गाण्यांचा एक अभ्यास झालेला आहे. ग्रँट पॅकार्ड आणि जोना बर्गर या संशोधकांनी अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या याद्यांमधली गाणी तपासली आणि त्यांचा निबंध 2020 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांना आढळलं असं की ज्या गाण्यांत 'यू' जास्त, ती गाणी लोकप्रियतेच्या यादीत वर असण्याकडे कल दिसतो. यावर सहज सुचणारं स्पष्टीकरण असं, की गायक आपल्यालाच उद्देशून गातो आहे असं श्रोत्याला वाटत असावं. पण त्यांच्या हाती लागलं ते वेगळंच. श्रोता स्वतःला 'तू'च्या जागी बसवत नाही, तो गायकाच्या जागी बसतो, आणि 'तू'च्या जागी स्वतःच्या आयुष्यातल्या कुणाला तरी आणतो. गाणं गायकाने कुणासाठी का गायलेलं असेना, ऐकणाऱ्याच्या मनात ते त्याच्या माणसासाठी गायलं जातं.

दुसरी गोष्ट आपल्या तीन कडव्यांना थेट लागू पडते. हा परिणाम प्रामुख्याने दिसला तो 'यू' कर्म म्हणून आला तेव्हा, म्हणजे मराठीत आपण जिथे 'तुला', 'तुझ्यावर' म्हणू तिथे. 'यू' कर्ता होऊन काही करतो, अशा ओळींत तो तसा दिसला नाही. इंग्रजीत कर्त्याचा आणि कर्माचा 'यू' दिसायला सारखाच असल्याने वाक्यातली जागा पाहूनच तो ओळखावा लागतो. मराठीत 'तू' आणि 'तुला' हे रूपच वेगळं असल्याने आपल्याला हा फरक कानानेच कळतो.

अर्थात हा अभ्यास इंग्रजीचा, बाजारात चाललेल्या गाण्यांचा आणि मोजणीवर उभा असलेला. गाणं किती चाललं आणि ते किती आत उतरलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भटांची ती पहिली गझल 'तू'ला कर्ता करते, वारंवार जाब विचारते आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या मनात आहे. याचं एक कारण मला असं वाटतं की त्या गझलेतला 'तू' झोपलेला आहे. जाब विचारला जातो तो ऐकू न येणाऱ्याला. तो जागा असता तर हे भांडण झालं असतं. तो झोपला आहे म्हणून ते तिचं तिच्यापाशीच राहतं, आणि जे त्याच्या कानापर्यंत पोचत नाही ते आपल्या कानावर पडतं. द्वितीयपुरुषाच्या आत हे एक लपलेलं स्वगत आहे. 'तू'ची निकटता आणि 'मी'चा एकटेपणा, दोन्ही त्यात एकत्र मिळतात.

लिंगाचा हिशेब

मराठी प्रेमगीताला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, जी इंग्रजी गीतकाराला सांभाळावी लागत नाही. 'आय लव्ह यू' म्हणणारा पुरुष की स्त्री, आणि ऐकणारा कोण, हे त्या तीन शब्दांत कुठेही नाही. मराठीत मात्र 'मी' वर्तमानकाळात येतो तो 'जातो' किंवा 'जाते' होऊन, आणि 'तू' येतो तो 'जातोस' किंवा 'जातेस' होऊन. भूतकाळात 'गेलो', 'गेले', 'गेलास', 'गेलीस'. तोंड उघडलं की कोण आणि कुणाला, दोन्ही उघड.

पण यातून सुटायच्या वाटाही मराठीतच आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घेतला की क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. पहिल्या कडव्यात पुन्हा पाहा. 'दार ठेवले', 'वात केली', 'कान दिले' यांतलं एकही रूप बोलणाऱ्याचं लिंग सांगत नाही. दार, वात आणि कान यांच्याप्रमाणे ती रूपं बदलली आहेत. बोलणारी स्त्री आहे हे आपल्याला कळतं ते चौथ्या ओळीतल्या 'बसले'वरून. तिथे 'बसलो' केलं की तेच कडवं पुरुषाचं होतं, बाकी काही बदलावं लागत नाही. दुसऱ्या कडव्यात तर बोलणाऱ्याचं लिंग कुठेच नाही. समोरचा पुरुष आहे हे सांगतो तो एकटा 'रे'. 'ना रे'चं 'ना गं' केलं की बोलणं स्त्रीला उद्देशून होतं.

'केव्हातरी पहाटे'मध्ये बोलणारा स्त्री की पुरुष, हे क्रियापदांवरून कळत नाही. जिथे 'मी' आहे तिथे क्रियापद लिंग न दाखवणारं आहे, आणि बाकी ठिकाणी 'मला' आणि 'माझा' आहेत. म्हणूनच कवी पुरुष, आवाज स्त्रीचा आणि ऐकणारा कुणीही, तरी कुठे खटकत नाही. प्रथमपुरुषी गाण्यात हा मोकळेपणा फार मोलाचा असतो. ऐकणाऱ्याला 'मी'च्या अंगरख्यात शिरायचं असतं, आणि एखादं 'बसले' किंवा 'बसलो' त्याला दारातच अडवू शकतं. उलट 'तरुण आहे रात्र अजुनी'मध्ये बोलणारी स्त्री आणि झोपलेला पुरुष, दोन्ही ठळक आहेत, कारण तिथे गोष्टच दोघांची आहे.

अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलेलं, मंगेश पाडगावकरांचं आणि श्रीनिवास खळे यांच्या चालीचं 'शुक्रतारा मंद वारा' हे युगुलगीत या हिशेबाचा सुंदर नमुना आहे. ध्रुवपदाच्या शेवटी जवळ राहण्याची विनवणी येते. तो म्हणतो तेव्हा त्यात 'अशी' आहे. ती म्हणते तेव्हा 'असा'. एका छोट्या शब्दाचं लिंग बदललं आणि 'मी' व 'तू' यांनी जागांची अदलाबदल केली. चाल तीच, विनवणी तीच. दोघांची मागणी सारखीच आहे हे वेगळ्या ओळीत सांगावं लागत नाही. आपल्या भाषेने ते एका प्रत्ययात उरकलं आहे. इंग्रजीत हा बदल ऐकू आलाच नसता.

तिसरं माणूस

'मी' आणि 'तू' यांच्या मधे मराठी गाण्याने आणखी एक जागा राखून ठेवली आहे, ती मैत्रिणीची. 'गं', 'बाई', 'सखे' या संबोधनांनी ती येते. प्रेमाची गोष्ट सांगायची, पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला नाही, मैत्रिणीला सांगायची. 1959 सालच्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातली आशा भोसले यांनी गायलेली बुगडीची लावणी आठवा. शब्द गदिमांचे. हरवलेल्या दागिन्याची तक्रार चालते ती 'गं' म्हणत, आणि जे सांगायचं नाही तेच सगळ्यांना सांगून होतं.

या तिसऱ्या जागेमुळे प्रथमपुरुषाचा स्वभावच बदलतो. स्वतःशी बोलणारा 'मी' गंभीर होत जातो, मैत्रिणीशी बोलणारा 'मी' खट्याळ होऊ शकतो. लाजणं, लपवणं, अर्धवट सांगणं हे सगळं ऐकायला कुणी असेल तरच रंगतं. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली, आणि मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात म्हणून तिचं नाव आजही घेतलं जातं. तिच्यात 'बाई' हे संबोधनही आहे आणि पुढे थेट 'राया'ही आहे. म्हणजे मैत्रिणीपाशी सुरू झालेलं बोलणं मधेच प्रियकराकडे वळतं. ते वळण आलं की गाणं एकदम जवळ येतं. हकिगत ऐकत बसलेला श्रोता थेट प्रसंगातच जाऊन पडतो.

बैठकीच्या लावणीत तर हे वळण समोर घडताना दिसतं. गाणारी बसून, अदा करत गाते आणि 'राया' किंवा 'पाव्हणं' म्हणताना तिची नजर समोरच्या बैठकीतल्या कुणावर तरी ठरते. इथे 'तू'चं 'तुम्ही' होतं. प्रियकराला 'तुम्ही' म्हणण्यात आदर आहे तशी थट्टाही आहे. भावगीतातला 'तू' एकांतातला, लावणीतला 'तुम्ही' चारचौघांतला. भावगीत ऐकणारा 'तू'च्या जागी आपलं माणूस आणतो, तर बैठकीत मात्र श्रोता स्वतःच 'तुम्ही' होऊन बसतो. पॅकार्ड आणि बर्गर यांना यादीतल्या गाण्यांत जे दिसलं, त्याच्या नेमकं उलटं इथे घडतं, कारण इथे गाणारी प्रत्यक्ष समोर आहे आणि बघते आहे.

कुठे फसतं

मराठीत बहुधा क्रियापदच पुरुष सांगतं. 'आलास' म्हटलं की 'तू' वेगळा म्हणायची गरज नसते. तरी अलीकडच्या पुष्कळ गाण्यांत प्रत्येक ओळीत 'मी' आणि 'तू' पेरलेले दिसतात. मात्रा भरायला ते सोयीचे असतात. पण जो शब्द भाषेला लागत नाही तो घातला की त्यावर आपोआप जोर पडतो. 'वाट पाहिली' ही हकिगत आहे. 'मी वाट पाहिली' म्हटलं की दुसऱ्या कुणी पाहिली नाही असं ध्वनित होतं. असे जोर ओळीओळीला पडत गेले की 'मी'चं गाणं आत्मप्रौढीचं वाटू लागतं आणि 'तू'चं गाणं बोट रोखल्यासारखं. तपासायची रीत सोपी आहे. गाण्यातले कर्ते 'मी' आणि 'तू' खोडून गाणं नुसतं वाचून पाहावं. अर्थ जसाच्या तसा राहिला तर ते शब्द भरतीचे होते. एखाद्या ठिकाणी खोडल्यावर काही हरवलं, तर तिथला जोर कवीने मुद्दाम दिला आहे. आपल्या दुसऱ्या कडव्यातला 'तूच' खोडून पाहा, प्रश्न उरतो पण त्यातला रोख जातो.

दुसरा घोटाळा तपशिलांचा. 'मी'च्या गाण्यात तपशील जितका बारीक तितका बरा. निवलेला चहा आपला नसला तरी आपल्याला ओळखीचा वाटतो. 'तू'च्या गाण्यात मात्र समोरच्याचं वर्णन फार नेमकं केलं की अडचण होते. डोळ्यांचा रंग, केसांची लांबी, गालावरचा तीळ, सगळं कवीनेच भरून टाकलं तर श्रोत्याने स्वतःचं माणूस कुठे बसवायचं? जुने गीतकार 'तू'चं रूप बहुधा चांदणं, फूल, वारा अशा सर्वांच्या मालकीच्या गोष्टींत सांगतात. त्याला साचेबंद म्हणून नावं ठेवता येतात आणि अनेकदा ती रास्तही असतात. पण त्या साच्याचा एक उपयोग आहे. 'तू'ची जागा त्यामुळे रिकामी राहते.

तिसरी गोष्ट गाण्याच्या बाजूची. द्वितीयपुरुषाचा 'स' गळ्याला गैरसोयीचा आहे. 'गेलास', 'आलीस' यांतला शेवटचा 'स' ताणता येत नाही, ताणला तर माइकमध्ये नुसती सिसकारी उरते. त्यामुळे गायक आधीचा स्वर लांबवतो आणि 'स' झटकन मिटतो. कवी जेव्हा त्यामागे 'का रे' किंवा 'ना रे' ठेवतो, तेव्हा तो संगीतकाराला शेवटी एक मोकळा स्वर देतो, ज्यावर थांबता येतं, मींड घेता येते. प्रश्नाची आर्जवी लकेर त्याच 'रे'वर उभी राहते. प्रथमपुरुषाला ही अडचण नाही. 'गेलो', 'गेले' स्वरांतच संपतात.

व्याकरणावर सगळं सोडता येत नाही, हेही खरं. द्रुत ठेक्यावर बांधलं तर माझं तिसरं कडवंसुद्धा लाडिक होईल, आणि संथ, मंद्र सप्तकात ठेवलं तर दुसऱ्या कडव्यातली तक्रार विनवणीसारखी ऐकू येईल. शब्दाने आखलेली दिशा चाल बदलू शकते, कधी पार उलटवूही शकते. पण संगीतकाराने ती उलटवली आहे हे कळण्यासाठी आधी शब्दाची दिशा कोणती होती ते माहीत असावं लागतं. एखादं आवडतं प्रेमगीत घ्यावं आणि त्यातल्या फक्त शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्यावं. पुष्कळदा तिथे विभक्ती बदललेली सापडते. तोवर 'मला, मला' करणारं गाणं 'तुला'वर येतं, किंवा 'तू असा, तू तसा' म्हणणारं गाणं शेवटी 'माझं काय' असं विचारतं. गाण्यातलं प्रेम मागणारं आहे की देणारं, याचा निकाल त्या बदलात लागलेला असतो. त्या गीताबद्दल आपलं मत काय, हे ठरवण्याआधी तेवढं कडवं पुन्हा एकदा ऐकायला हरकत नाही.